बाटलीमागचा रुईफुली काठ

सांगलीत खणभागात एक छोटा फोटो स्टुडिओ आहे, पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो काढतात आणि मागच्या खोलीत वहिनी कॉम्प्युटरवर बसतात, आपल्याला आज तिथंच जायचंय.

स्क्रीनवर एक आजी दिसतायत. नातवाच्या लग्नातला फोटो आहे, खुर्चीत बसलेल्या, चौकडीची नऊवारी, डोक्यावरनं घेतलेला पदर पुढं मांडीवर आलाय आणि त्याचा रुईफुली काठ डावीकडनं उजवीकडं आडवा गेलाय. आणि बरोबर त्या काठासमोर टेबलावर पाण्याची प्लास्टिकची बाटली. घरच्यांना हा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचाय, बाटली नको.

बाटली काढणं दोन मिनिटाचं काम, मागं काय दाखवायचं हा खरा प्रश्न. मागं भिंत असती तर थोडा रंग इकडचा तिकडं केला की झालं असतं, पण काठ म्हणजे ठरलेला हिशोब असतो. वहिनींनी आधी फोटोशॉपला आपोआप भरू दिलं, बघा काय झालंय. लांबून बरं दिसतं, जवळ गेलं की एक फूल अर्धं कापलेलं, शेजारी दोन फुलं एकमेकाला चिकटलेली, आणि काठाची खालची रेघ मधेच दोन पिक्सल खाली उतरलीय. दोन पिक्सल म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण सरळ रेघ जराशी तुटली तरी माणसाची नजर तिथंच जाते, रंगातला फरक एकवेळ चुकेल पण तुटलेली रेघ चुकत नाही. सॉफ्टवेअर आजूबाजूचे तुकडे उचलून जुळवतं, त्या जागेत पूर्ण फुलं किती बसायला पाहिजेत हे ते मोजत नाही.

म्हणून वहिनी आधी मोजतात. रूलर टूल घेऊन एका फुलाच्या मध्यापासनं दुसऱ्या फुलाच्या मध्यापर्यंत. बाटलीच्या डाव्या बाजूला हे अंतर 62 पिक्सल, उजव्या बाजूला 48. कमी का झालं, तर आजींचा उजवीकडचा गुडघा कॅमेऱ्यापासनं लांब आहे, कापड मागं मागं जातंय. मधली झाकलेली जागा 330 पिक्सल. आता 62 वरनं 48 वर यायचंय तर मधे 60, 58, 56, 54, 52, 50 अशा पायऱ्या येतील, आणि यांची बेरीज करा, बरोबर 330. म्हणजे सहा अंतरं, ना साडेपाच ना सात. दर वेळी इतकं चोख जुळत नाही, पण आकडा पूर्णाच्या आसपास आलाच पाहिजे, साडेपाच आला तर समजायचं की मोजताना चुकलंय नाहीतर मधे कापड दुमडलंय.

इथं आणखी एक गोष्ट आहे, जी वहिनींना स्वतःला कळायला बरेच फोटो जावे लागले. काठाची रुंदी मोजली तर डावीकडं 93 आणि उजवीकडं 82. फुलांमधलं अंतर जवळपास पावपट घटलंय, पण रुंदी त्याच्या निम्म्यानंच. कारण तिरकं मागं जाणारं कापड लांब गेल्यामुळं लहान दिसतंच, वर तिरकं असल्यामुळं लांबीच्या दिशेनं दबल्यासारखंही दिसतं. त्यामुळं फूल नुसतं सगळीकडनं सारखं लहान करत गेलं तर काठ उजवीकडं सुतळीसारखा बारीक होतो आणि पलीकडच्या खऱ्या काठाला जुळतच नाही. लांबी वेगळी दाबायची, रुंदी वेगळी.

मग पेन टूलनं काठाच्या वरच्या आणि खालच्या कडेची रेघ डावीकडनं बाटलीवरनं उजवीकडं ओढून घेतली, हे रूळ. डावीकडची तीन स्वच्छ फुलं निवडून Ctrl+J, म्हणजे त्यांची नक्कल वेगळ्या लेयरवर आली, मग स्मार्ट ऑब्जेक्ट, आणि मग वॉर्प, म्हणजे तुकडा दाबून वाकवून रुळांमधे बसवायचा. डावीकडचीच का, कारण ती मोठी आहेत, मोठं लहान केलं तर धागा टिकतो, लहान मोठं केलं की पुसट होतो. आणि स्मार्ट ऑब्जेक्ट यासाठी की वॉर्प दहा वेळा बदलला तरी दर वेळी मूळ तुकड्यापासनंच हिशोब होतो, नाहीतर प्रत्येक वेळी विणकाम थोडं थोडं मऊ होत जातं. तीच तीन फुलं परत पुढं लावली. पण त्यातल्या एका फुलावर एक सुटलेला धागा होता, तो आता तीन ठिकाणी दिसायला लागला, तसाच, त्याच कोनात. नव्या दोन्ही फुलांवरचा वहिनींनी क्लोन स्टॅम्पनं काढला. जोड मात्र फुलाच्या मधनं द्यायचा नाही, दोन फुलांमधल्या मोकळ्या पट्टीत द्यायचा, आणि ब्रश फार मऊ ठेवायचा नाही, तिथं धुकं बसतं.

काठ झाला. आता काठाच्या वरची चौकडी, आणि खरी फसगत इथं होती.

चौकडीच्या आडव्या रेघा काठाला समांतर, क्रम पिवळी, तांबडी, पांढरी. पहिल्यांदा वहिनींनी उजवीकडचा तुकडा उलटा फिरवून डावीकडं लावला होता, प्रकाश छान जुळत होता म्हणून. पण तुकडा उभा उलटला की पिवळी, तांबडी, पांढरी याचं पांढरी, तांबडी, पिवळी होतं. एका रंगाच्या चौकडीत हे खपून जातं, तीन रंगात नाही. तो तुकडा काढला.

मग रेघा मोजल्या. काठापासनं आजींच्या हातापर्यंत डावीकडं सात रेघा, उजवीकडं पाच. काठाची फुलं बरोबर जुळली आणि इथं दोन रेघा गायब! वहिनींनी तरी आधी सगळ्या रेघा सरळ नेऊन कशातरी भिडवल्या, आणि आजींचा मुलगा बघायला आला तेव्हा आजींना पण बरोबर घेऊन आला. आजी स्क्रीनजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अगं इथं चुणी हुती माझ्या साडीला, मी हातानं दाबून धरली हुती."

बरोबर. हाताखालनं निघालेली चुणी बाटलीमागं होती आणि काठापर्यंत यायच्या आधीच सपाट झाली होती, म्हणून काठाचा हिशोब बिघडला नाही. दोन रेघा त्या चुणीच्या पोटात गेल्या होत्या. आता नीट बघितलं तर खुणा होत्याच की, बाटलीच्या उजव्या कडेला रेघा एकदम थोड्या वर वळतायत आणि शेजारी बारीकशी सावली आहे. चुणी असेल तिथं रेघ जोडायची नसते. ती चुणीच्या कडेशी थांबते आणि पलीकडनं दुसरीच रेघ निघते. वहिनींनी डावा तुकडा वर, उजवा तुकडा त्याच्या खाली असे दोन वेगळे लेयर केले, कडेला पिवळी आणि तांबडी आत जाऊ दिली, आणि उजेड कमीजास्त करणाऱ्या कर्व्हजचा एक लेयर टाकून चुणीची सावली हाताकडं गडद आणि काठाकडं फिकी करत नेली. शेवटी थोडा नॉईज, कारण कॅमेऱ्याच्या फोटोत दाणा असतो आणि वॉर्प केलेल्या तुकड्यात तो गेलेला असतो.

एक सांगायचं राहिलं, बाटली जर पदराच्या टोकासमोर असती, जिथं नक्षी एकदाच येते, तर यातलं काहीच करता आलं नसतं. काठ मोजता येतो कारण तो परत परत येतो. तसं असतं तर वहिनींनी लग्नाच्या फोटोग्राफरकडं त्याच मिनिटातला दुसरा फोटो मागितला असता, बाटली नसलेला नाहीतर निदान थोडी सरकलेली.

तपासणी दोन प्रकारे. फोटो आडवा उलटा करून बघायचा, सवयीची नजर मोडते आणि चूक दिसते. आणि झूम शंभर टक्क्यावरच, 33 किंवा 66 वर बारीक चौकडीत खोट्याच लाटा दिसतात आणि माणूस नसलेली चूक दुरुस्त करत बसतो.

मग पूर्ण प्रिंट न काढता फक्त मांडीच्या भागाची एक पट्टी काढली, खऱ्या साईजमध्ये. आजींनी ती खिडकीपाशी नेऊन धरली, काठावरनं बोट फिरवत उजवीकडं गेल्या, चुणीपाशी जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, "हां, आता काढ."