कांदाचाळीतली घट आणि वाकडी शिल्लक

(नाशिकमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

रेसिड्युअलला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘अवशेष’ म्हणतात. नाशिककराला अवशेष म्हटलं की पांडवलेणी आठवते, म्हणून मी आज सरळ ‘शिल्लक’ म्हणणार आहे. प्रत्यक्ष आकड्यातून रेषेनं सांगितलेला आकडा वजा केला की उरते ती शिल्लक.

उदाहरण घरचंच घेऊ. उन्हाळ कांदा चाळीत भरला, की तोलाला घट येते. आधी तो सुकतो, मग पावसाळी दमटपणात सड लागते, मोड फुटतात. समजा, १०० किलो कांद्यात २०, ४०, ६०, ८०, १०० आणि १२० दिवसांनी घट निघाली अनुक्रमे २, ५, ९, १५, २३ आणि ३३ किलो. हे आकडे मी आजच्या हिशोबासाठी बनवलेत, कुणाच्या चाळीतले नाहीत.

यांतून सरळ रेषा काढली तर आर-स्क्वेअर, म्हणजे रेषा आकड्यांना किती जुळते याचं माप, येतो ०.९५५, एकाच्या अगदी जवळ. पुष्कळ जण इथेच वही मिटतात. पण तीच रेषा २०व्या दिवसाची घट किती सांगते? उणे ०.८६ किलो. म्हणजे चाळीत ठेवलेला कांदा वीस दिवसांत वजनाला वाढला! असा कांदा मिळाला तर आपण सगळेच चाळी बांधू.

आता शिल्लक मांडू. पहिली अधिक २.९, मग उणे ०.३, उणे २.४, उणे २.६, उणे ०.७ आणि शेवटची अधिक ३.१. फळ्यावर आडव्या अक्षावर रेषेनं सांगितलेली घट घ्या, उभ्यावर शिल्लक, आणि शून्याची आडवी रेघ मारा. दोन्ही टोकं रेघेच्या वर, मधले चारही बिंदू खाली. खोलगट वाटी. रेषा दोन्ही टोकांना घट कमी सांगते आणि मध्ये जास्त. म्हणजे मूळ नातं वाकलेलं आहे, घटीचा वेग दिवसागणिक वाढतो आहे. संबंध खरंच सरळ असता, तर बिंदू रेघेच्या वरखाली कसेही विखुरले असते, सलग चार एकाच बाजूला बसले नसते. अर्थात सहाच बिंदूंत सलगपणा योगायोगानंही येऊ शकतो, पण इथे शिल्लक क्रमानं उतरते आणि क्रमानं चढते, शिवाय सुकणं-सडणं हे कारणही जुळतं.

मग करायचं काय? पहिला हात सगळ्यांचा लॉगवर जातो. इथे घटीचा लॉग घेऊन पाहिला तर वाटी उलटी होते: टोकं खाली, मधलं वर. औषध जास्त झालं. वर्गमूळ घेतलं तर कमान बरीचशी सपाट होते आणि २०व्या दिवसाची घट साधारण १.८ किलो येते, पटण्यासारखी. दिवसांचा वर्गही रेषेत घातला, तर प्रत्येक शिल्लक अर्ध्या किलोच्या आत येते. पण सहा बिंदूंना तीन गुणांक लावून आलेल्या नेमकेपणावर मी फार भाळणार नाही.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. विद्यार्थी असताना मी आडव्या अक्षावर रेषेनं सांगितलेल्या किमतीऐवजी प्रत्यक्ष किंमत घेतली होती. बिंदू डावीकडून उजवीकडे छान चढत गेले आणि मी दोन दिवस मॉडेलमधला दोष शोधत बसलो. दोष नव्हताच. शिल्लक आणि प्रत्यक्ष किंमत यांत असा चढ नेहमीच असतो. आर-स्क्वेअर ०.५ असेल तर त्यांचा सहसंबंध ०.७१ निघतो, मॉडेल कितीही निर्दोष असो. म्हणून आडव्या अक्षावर अंदाजित किंमत घ्यायची.

आर ही संगणकभाषा वापरणाऱ्यांना ही चित्रं दोन ओळींत मिळतात:

```
fit <- lm(ghat ~ divas)
plot(fit, which = c(1, 2, 3))
```

आता एकाऐवजी साठ चाळी घ्या. वीस दिवसांनी सगळ्यांची घट जवळपास सारखीच असते. पण १२० दिवसांनी एका चाळीत खालून हवा खेळली, दुसरीचं छप्पर गळलं, आणि दोघींत फार अंतर पडलं. शिल्लकीच्या चित्रात डावीकडे बिंदू चिकटलेले, उजवीकडे पसरलेले: उघडलेला पंखा. फैलाव सगळीकडे सारखा नाही, एवढंच तो सांगतो. रेषेच्या उताराचा अंदाज यामुळे एका बाजूला झुकत नाही. बिघडतो तो खात्रीचा हिशोब. समजा, मॉडेलनं सगळीकडे सरसकट ‘पाच किलो इकडे-तिकडे’ सांगितलं. खरा फैलाव सुरुवातीला एक किलोचा आणि शेवटी नऊचा असेल, तर ज्यानं कांदा उशिरापर्यंत ठेवलाय त्यालाच खोटा दिलासा मिळाला. फैलाव घटीच्याच प्रमाणात वाढत असेल तर लॉग, घटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असेल तर वर्गमूळ. नाहीतर भारित न्यूनतम वर्ग पद्धत, जिच्यात जास्त पसरलेल्या बिंदूंना कमी वजन मिळतं.

मात्र पंखा फसवाही असतो. जिथे बिंदूच थोडे, तिथे फैलाव आपोआप कमी दिसतो. आणि वाटी घालवण्याआधी पंख्याकडे पाहू नये, कारण वाक असेल तर तोच फैलावासारखा भासतो.

मागून प्रश्न आलाय, ‘आणि घंटेच्या आकाराचं काय, सर?’ ते शेवटी ठेवलं याला कारण आहे. वाटी आणि पंखा अजून तसेच असताना शिल्लक नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात विखुरलेली, आहे का हे विचारण्यात अर्थ नाही. क्यू-क्यू आलेखात शिल्लक लहानापासून मोठ्यापर्यंत लावून नॉर्मल वितरणाच्या अपेक्षित किमतींसमोर मांडतात. बिंदू सरळ रेषेवर बसले की ठीक. डावं टोक रेषेच्या खाली आणि उजवं वर गेलं, तर दोन्ही टोकांचे आकडे अपेक्षेपेक्षा जास्त दूर गेलेले आहेत. सगळा आलेख केळ्यासारखा एकाच बाजूला वाकला, तर वितरण कललेलं आहे. आणि मध्ये पायरी दिसली तर मी आधी डेटाच तपासतो. बऱ्याचदा दोन गट एकत्र मिसळलेले निघतात, जसं आपल्या साठ चाळींत हवेशीर चाळी आणि बंद खोल्या. शिल्लकीचे बिंदू साठवणीच्या प्रकारानुसार दोन रंगांत काढा, बहुधा एक रंग वर आणि दुसरा खाली दिसेल. मग लॉग-वर्गमुळाचं परिवर्तन करत बसायचं नाही, साठवणीचा प्रकार मॉडेलमध्ये घालायचा.

नमुना मोठा असेल तर उताराच्या चाचणीला थोडंफार कललेपण चालतं. पण एकाच चाळीची घट किती असेल हे सांगायचं असेल, तर टोकांचा आकार महत्त्वाचा ठरतो. सहा बिंदूंवरून मात्र काहीच ठरत नाही. डोळा बसवायचा असेल तर संगणकाला सांगून तेवढ्याच आकाराचे खरेखुरे नॉर्मल नमुने वीस वेळा काढा आणि प्रत्येकाचा क्यू-क्यू आलेख पाहा. लहान नमुन्यांत त्यातले कितीतरी वाकडे दिसतील. मग आपलं चित्र त्यांच्यात मिसळून ठेवा आणि शेजाऱ्याला विचारा, यातलं वेगळं कुठलं. त्याला ओळखता आलं नाही, तर ते वाकडेपण तुम्हीही मनावर घेऊ नका.