झाकण उघडलं, पण कोणासाठी? : प्रदर्शनातल्या स्वयंचलित कचरापेटीबद्दल

आजच्या भाषणासाठी मला विषय दिलाय तो ‘अल्ट्रासॉनिक सेन्सरवर चालणारी कचरापेटी : भाग आणि कार्य’. भाग आणि कार्य मी सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट सांगू द्या, कारण ती ऐकली की कार्य आपोआप समजतं.

विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून मी ही कचरापेटी इतक्यांदा पाहिली आहे की झाकणाचा ‘खर्रर्र’ असा आवाज आला की न बघता सांगतो, झाकण उचलणारी सर्व्हो मोटर आली. तक्त्यावर एक वाक्य ठरलेलं असतं : ‘सेन्सर हात पाहतो व झाकण उघडते.’ माझी सगळी तक्रार या एका वाक्याशी आहे. सेन्सर काहीही पाहत नाही. तो हाक मारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. पुढचं सगळं आपण लिहिलेला प्रोग्रॅम ठरवतो. आणि हा फरक ज्याला कळला नाही, त्याची पेटी प्रदर्शनाच्या दिवशी हमखास दगा देते.

एका प्रदर्शनात आठवीतल्या दोन मुलींची पेटी होती. सुबक काम, बिजागरीला तेलसुद्धा घातलेलं. पण मी दुरून येत होतो तेव्हा झाकण उघडंच होतं. मी टेबलासमोर मीटरभरावर जाऊन उभा राहिलो, तर ते बंद झालं! हात जवळ नेला, पुन्हा उघडलं. मागे सरून मार्गिकेतून बाजूला झालो, तरीही उघडं. म्हणजे समोर कोणी नसताना पेटी आ वासून बसलेली आणि माणूस आला की तोंड मिटणार. मुली रडकुंडीला आल्या होत्या. ‘सर, घरी दोन दिवस नीट चालत होती. सेन्सर खराब झालाय. आम्ही बदलूनही बघितला.’ नवीन सेन्सरही तेच करत होता. इथेच कान टवकारले पाहिजेत. भाग बदलूनही तोच दोष राहिला, तर दोष बहुधा त्या भागात नसतो.

मी म्हटलं, ‘सिरियल मॉनिटर उघडा, आणि सेन्सर काय म्हणतोय ते वाचू.’ पडद्यावर ओळी पडू लागल्या : ०, ०, ०, ०. मी समोर उभा राहिलो, तर ११२, १११, ११२. बाजूला झालो, पुन्हा शून्य. एक मुलगी माझ्याकडे न बघता पुटपुटली, ‘म्हणजे समोर कोणी नाही तेव्हा अंतर शून्य?’ त्या क्षणी तिला तिचा प्रकल्प समजला. मला आजही तो चेहरा आठवतो.

आता या शून्याचा उगम बघू. एचसी-एसआर०४ या सेन्सरला दोन गोल डोळे दिसतात. ते डोळे नाहीत. एक तोंड आहे, एक कान. ट्रिग पिनला १० मायक्रोसेकंदांचा झटका दिला की तोंडातून सेकंदाला ४०,००० कंपनांच्या ध्वनीचे आठ ठोके बाहेर पडतात. आपल्याला साधारण २०,००० पर्यंतच ऐकू येतं, म्हणून हा श्राव्यातीत ध्वनी. मग इको पिन ‘हाय’ होते आणि प्रतिध्वनी परतेपर्यंत तशीच राहते. ती किती वेळ हाय होती, एवढंच आपल्याला मिळतं. २० अंश तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मायक्रोसेकंदात ०.०३४३ सेंटीमीटर. हात १५ सेंटीमीटरवर असेल तर ध्वनीला जाऊन-येऊन ३० सेंटीमीटर पडतात. त्याला सुमारे ८७५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून वेळेला ०.०३४३ ने गुणायचं आणि २ ने भागायचं. हे ‘दोनने भागणं’ का, असा प्रश्न मी हटकून विचारतो.

त्या मुलींचा प्रोग्रॅम असा होता :

```
long t = pulseIn(ECHO, HIGH, 20000);
float d = t * 0.0343 / 2;
if (d < 20) lid.write(90);
else lid.write(0);
```

तो `20000` म्हणजे ‘इतके मायक्रोसेकंद थांब, मग वाट बघू नकोस’. अंतराच्या भाषेत ३४३ सेंटीमीटर. तेवढ्यात प्रतिध्वनी पूर्ण झाला नाही तर `pulseIn` शून्य परत देतं. या शून्याचा अर्थ ‘उत्तर आलं नाही’. पण पुढच्या ओळीला ते माहीत नाही. ती शून्याचं अंतर काढते, तेही शून्य, आणि शून्य वीसपेक्षा कमी म्हणून झाकण उघडते. घरी पेटीसमोर दीड मीटरवर कपाट होतं, त्यामुळे उत्तर नेहमी यायचं. प्रदर्शनात समोर मोकळी मार्गिका. दोष घरीही होता, कपाटानं तो झाकला होता, इतकंच.

दुरुस्ती एका अटीची :

```
if (t > 0 && d < 20) lid.write(90);
```

पाच मिनिटांत पेटी शहाण्यासारखी वागू लागली. मी त्यांना सांगितलं, आता अहवालात हे लिहा : मोकळ्या जागेत किती वाचन आलं, भिंतीसमोर किती, हातासमोर किती. त्यांनी तिथेच पेन्सिलीनं तक्ता आखला. त्या दिवशी मी वाचलेला तो सर्वांत चांगला अहवाल होता.

मला चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. तेव्हा भाग भरभर. आर्डुइनो उनो हा मेंदू, सेन्सर हे तोंड-कान, एसजी९० सर्व्हो हा हात. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक झटका जातो आणि झटक्याच्या लांबीवरून तो कोन ठरवतो. ते काम लायब्ररी करते. त्याची ताकद सुमारे १.८ किलोग्रॅम-सेंटीमीटर आहे. १०० ग्रॅमच्या झाकणाचा भार बिजागरीपासून १० सेंटीमीटरवर धरला तर गरज १ किलोग्रॅम-सेंटीमीटरची, आणि तीही सर्व्होचा दांडा बिजागरीच्याच रेषेत असेल तर. म्हणून झाकण पुठ्ठ्याचं घ्या, जाड लाकडी फळीचं नको.

दुसरं, चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. ती सर्व्होला लागणारा प्रवाह देऊ शकत नाही. सर्व्हो हलायला लागला की व्होल्टेज खाली येतं आणि आर्डुइनो नव्यानं सुरू होतो. ओळखायचं कसं? झाकण थरथरतं, अर्ध्यात थांबतं, आणि त्याच वेळी बोर्डावरचा दिवा पुन्हा सुरुवातीसारखा लुकलुकतो. सर्व्होसाठी चार पेन्सिल सेल वेगळे जोडा, मात्र त्यांची ऋण तार आर्डुइनोच्या जीएनडी पिनला जोडायला विसरू नका. नाहीतर सर्व्होला झटका कशाच्या तुलनेत मोजायचा तेच कळत नाही.

आणि एक शेवटचं, कुणीतरी मघाशी विचारलं होतं : लोकरीची बाही घालून हात पुढे केला की कधीकधी पेटी दाद का देत नाही? लोकर ध्वनी शोषते, तिरका तळवा तो दुसरीकडे परतवतो. परत येणारा भाग फार क्षीण झाला की कानाला ऐकू येत नाही. समोर दुसरं काही नसेल तर मॉनिटरवर तेच शून्य दिसेल, आणि मागे भिंत असेल तर भिंतीचं अंतर. तळवा सेन्सरसमोर सरळ धरून पुन्हा वाचन घ्या. हाताचं अंतर आलं, तर सेन्सर ठणठणीत आहे.