गळा बदलला की दागिना कुठे बसतो

नमस्कार मैत्रिणींनो. पंचवीस वर्षं मी ब्लाउज शिवते आहे, तर आज एकाच ब्लाउजबद्दल बोलते.

गेल्या लग्नसराईत एक काकू जुन्या पैठणीचा ब्लाउज घेऊन आल्या. गळा गोल, पुढे सात इंच खोल. त्यांना तो बोट नेक करून हवा होता. उरलेल्या कापडाचा तुकडा आत जोडून मी तो वर आणला, आणि आता कापडाची कड गळ्याच्या खळगीखाली जेमतेम अर्ध्या इंचावर आली. घालून बघितल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, शिलाई छान झाली, पण माझे दागिने का गं असे विस्कटल्यासारखे दिसतात?"

दागिने तेच होते: ठुशी, लक्ष्मीहार, छोटं मंगळसूत्र आणि झुमके. पूर्वी या सगळ्यांना उघडी त्वचा मिळत होती. आता ठुशीची खालची कड नेमकी कापडाच्या कडेवर येत होती. दागिना अर्धा त्वचेवर, अर्धा कापडावर आला की गडबड होते. कडेला अस्तर, पट्टी असे दोन-तीन थर असतात, त्यामुळे तिथे एक बारीक पायरी तयार होते. मणी त्या पायरीवर चढतात, मान वळवली की घसरतात, आणि पदक आकाशाकडे बघायला लागतं. आरशासमोर स्थिर उभं राहिलात तर हे कळत नाही. मान दोन्हीकडे वळवा, खाली वाका, पुन्हा सरळ व्हा. दागिना आपोआप जागेवर आला नाही तर त्याची उंची चुकली आहे.

म्हणून मी कडेपासून मोजते. दागिना कडेच्या वर राहणार असेल तर मध्ये बोटभर त्वचा दिसली पाहिजे. खाली जाणार असेल तर चांगला दोन-तीन इंच खाली जाऊ दे.

काकूंची ठुशी वर घ्यायची ठरवली. ठुशीला मागे सरकता दोरा असतो, तो ओढला की ती चढते. पण किती ओढायचा? आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि पाण्याचा घोट घेताना काचता कामा नये. काकूंची मान उंच, त्यामुळे जमलं. मान आखूड असेल तर हा हट्ट धरू नका, ठुशी त्या दिवशी डब्यातच राहू दे. मागे मात्र एक अडचण निघाली. पूर्वी पाठीचा गळा खोल होता, गोंडा मोकळा लोंबायचा. आता तो जरीवर घासत होता. पटवेकऱ्याकडून दोरा आखूड गाठवून, गोंडा लहान करून घेतला.

मंगळसूत्राच्या वाट्या बरोब्बर कडेवर येत होत्या. तिथे मी दोऱ्याची युक्ती केली. ब्लाउज घालून गळ्यात जाड दोरा टाकायचा, पुढे एक किल्ली अडकवायची आणि ती हवी तिथे येईपर्यंत दोरा सैल करायचा. मग दोरा काढून पट्टीवर मोजायचा. वाट्या तीन इंच खाली हव्या होत्या. लांबी दोन्ही बाजूंनी वाटली जाते, म्हणून तीन इंच उतरवायला साधारण सहा इंच वाढवावे लागतात. बऱ्याच जणी तीनच इंचांची जोडसाखळी आणतात आणि मग दीड इंचावर अडकतात. काकूंनी सहा इंचांची मागे लावली, मूळ मंगळसूत्राला हातही लावावा लागला नाही.

लक्ष्मीहार मी ठेवून द्यायला सांगितला. त्याची नाणी आता जरीच्या बुट्ट्यांवर येत होती, सोन्यावर सोनं, काहीच उठून दिसेना. त्यांना वाईट वाटलं, सासूबाईंचा हार होता. पण तोच हार त्यांनी दुसऱ्या दिवशी साध्या जांभळ्या ब्लाउजवर घातला आणि एकेक नाणं मोजता येत होतं.

राहिले झुमके. कड वर आली की कान आणि कापड यांच्यातली मोकळी जागा कमी होते, आणि ठुशी वर चढल्याने ती आणखी भरते. शिवाय एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: डाव्या खांद्यावर पदराच्या निऱ्या पिन केल्या की तो खांदा जाड होतो. म्हणजे झुमके दोन्हीकडे सारखे असले तरी डावा आधी टेकतो. म्हणून कानातलं नेहमी साडी पूर्ण नेसून, पदर लावून ठरवावं, आणि मान डावीकडे झुकवून बघावी. काकूंचा डावा झुमका पदराच्या काठात अडकत होता, दोन वेळा तर धागाच ओढला गेला. मी मोत्याच्या कुड्या सुचवल्या. त्या कानाच्या पाळीवरच बसतात, खाली काही लोंबत नाही. झुमकेच हवे असतील तर त्यांचं टोक जबड्याच्या रेषेशी थांबेल असे लहान घ्यावेत. वेल लावल्याने कानावरचा भार हलका होतो, पण झुमक्याची लांबी काही कमी होत नाही.

काकूंनी कुड्या घातल्या, पदर पुन्हा एकदा पिन केला आणि आरशाकडे न बघताच मान वळवून माझ्याशी बोलायला लागल्या. ठुशी जागची हलली नव्हती.