नाव बुडालं की नाव बुडाली?

[दृश्य: कृष्णेचा घाट, सकाळ. पायऱ्यांना बांधलेली एक लाकडी होडी. पाण्याचा आवाज.]

मागच्या वर्षी आम्ही कृष्णाकाठच्या पुरावर एक छोटी फिल्म केली. तिच्यात एक आजोबा बोलतात. वय ऐंशीच्या पुढचं, आवाज खणखणीत. त्यांचं वाक्य असं होतं :

"तवा पंचायतीकडं नावांची यादी असायची."

इंग्रजी सबटायटलचं काम बाहेर दिलेलं. फाईल परत आली, आम्ही वरवर चाळली आणि फिल्म दाखवलीही. पडद्यावर अक्षरं उमटली : 'लिस्ट ऑफ नेम्स'. पंचायतीकडे गावकऱ्यांच्या नावांची यादी होती, असा सरळ अर्थ. कुणालाच काही खटकलं नाही. खटकावं तरी का? पूर आला की पंचायत नावं लिहून घेणारच.

पण आजोबांचं पुढचं वाक्य होतं, "त्यातल्या दोन तर फुटक्याच!"

[दृश्य: तीच होडी, जवळून. तळाच्या फळीतली भेग, भेगेत भरलेलं डांबर.]

नावं फुटकी नसतात. आजोबा नावेबद्दल बोलत होते, पाण्यावरच्या. पुरात माणसं हलवायला गावात कुठे कुठे नावा आहेत, त्याची ती यादी. हे दुसरं वाक्य ज्या ओळीत होतं, तिथे भाषांतर करणाऱ्याने 'दोन नावं चुकीची होती' असं काहीतरी जुळवून घेतलं होतं. बिचाऱ्याच्या हातात ओळी सुट्या सुट्या पडल्या होत्या, चित्र नव्हतंच.

पण त्या सुट्या ओळीतही खूण होती. आजोबा 'त्यातली दोन' म्हणाले नव्हते. 'त्यातल्या दोन' म्हणाले होते. माणसांची नावं असती तर 'त्यातली दोन तर फुटकीच' झालं असतं. 'फुटकी' या अर्थाकडे जायचीही गरज नव्हती, त्याआधीच एका 'ल्या'ने सांगून टाकलं होतं की हा शब्द स्त्रीलिंगी आहे.

[दृश्य: काळी पाटी. खडूने लिहिलेला एकच शब्द : नाव.]

हे दोन शब्द एकमेकांचे कुणी लागत नाहीत. एक 'नाव' आला संस्कृतातल्या 'नामन्'पासून, तो नपुंसकलिंगी. दुसरा आला 'नौ'पासून, ती स्त्रीलिंगी. शतकानुशतकं जिभेवर घासले जाऊन दोघांचा उच्चार एक झाला, पण आपापलं लिंग दोघांनीही सोडलं नाही. मराठीने तिन्ही लिंगं जपली, त्याचा जाच मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयांना किती होतो ते त्यांनाच विचारा. पण अशा जुळ्या शब्दांच्या वेळी तीच लिंगं कामाला येतात.

माझं नाव, माझी नाव. नाव बुडालं, नाव बुडाली. प्रत्यय लागला की फरक आणखी ठळक होतो. 'नावात काय आहे?' हा एक प्रश्न, 'नावेत काय आहे?' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर विचारवंत देतील, दुसऱ्याचं नावाडी.

मग आजोबांच्या पहिल्या वाक्यात घोळ का झाला? कारण तिथे शब्द अनेकवचनात होता आणि त्याला प्रत्यय लागला होता. एक नाव, अनेक नावं, त्यांची यादी : 'नावांची'. एक नाव, अनेक नावा, त्यांची यादी : तीही 'नावांची'. एकवचनात 'नावा' आणि 'नावे' अशा दोन वाटा होत्या, अनेकवचनात त्या एका अनुस्वारापाशी येऊन मिळतात. शिवाय पुढचा 'ची' यादीचा आहे, नावाचा नाही. म्हणजे त्या वाक्यात लिंग दाखवायला जागाच उरली नव्हती.

[दृश्य: जुन्या छापील पुस्तकाचं पान. 'नांव' या शब्दावर कॅमेरा थांबतो.]

कागदावर मात्र एकेकाळी हे दोघे वेगळे दिसायचे. आजीच्या ट्रंकेतलं कुठलंही जुनं पुस्तक काढा, 'नांव' असं छापलेलं सापडेल, डोक्यावर टिंब देऊन. ते टिंब म्हणजे 'नामन्'मधल्या 'म'ची आठवण. होडीवर टिंब नसे, कारण 'नौ'मध्ये 'म' नव्हताच. 1962 साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि 'नांव'चं 'नाव' झालं. माझ्या मते ठीकच झालं. ऐकू न येणारं टिंब कुठे द्यायचं हे पाठ करण्यात पिढ्या गेल्या. पण या एका जोडीपुरतं म्हणाल तर एक सोय गेली.

[दृश्य: पुणे, गणेशोत्सव. ढोल-ताशांचा आवाज. मिरवणुकीतला रथ.]

नाव या शब्दाचे दोन मालक. 'मान' या शब्दाचे तीन.

गळ्यामागची मान, ती 'मन्या'पासून आली. संस्कृतात मन्या म्हणजे मानेचा मागचा भाग. ती स्त्रीलिंगी. सन्मान या अर्थाचा मान 'मन्' या धातूपासून, तो पुल्लिंगी. आणि तिसरं मान म्हणजे माप, 'मा' म्हणजे मोजणे या धातूपासून. ते नपुंसकलिंगी. 'यंदा पावसाचं मान कमी आहे' म्हणतो ते हे. तापमानातलंही हेच. एकाच अक्षरजोडीत तिन्ही लिंगं राहतात, आणि मान अवघडली, मान मिळाला, मान घटलं, यांत कुणाचाही गोंधळ होत नाही.

पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत पाच मानाचे गणपती पुढे असतात. कसबा गणपती पहिला. 'मानाचा'ऐवजी चुकून 'मानेचा' म्हणून बघा, आख्खा चौक वळून बघेल. उलट डॉक्टरांनी मानेचा पट्टा लिहून दिला आणि दुकानात तुम्ही 'मानाचा पट्टा' मागितलात, तर दुकानदार विचारेल, कुस्ती कुठल्या गावाला मारली?

गंमत पुढे आहे. 'त्याने शरमेने मान खाली घातली.' इथे बोलणं अब्रूचं चाललंय, पण शब्द गळ्यामागचा आहे, म्हणून 'घातली'. 'पाहुण्यांचा मान राखला' इथे सन्मान, म्हणून 'राखला'. अर्थ एकमेकांच्या अंगणात आले तरी क्रियापद घर चुकत नाही.

पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी मान मात्र प्रत्ययापुढे सारखेच होतात. 'त्यांना मानाने बोलावलं' आणि 'वयाच्या मानाने बरा चालतो'. इथे बघायचं ते मागचा शब्द. माप सांगणारं 'मानाने' एकटं येत नाही. त्याला 'वयाच्या', 'पगाराच्या', निदान 'त्या' तरी लागतंच, कशाशी तरी तुलना असल्याशिवाय माप कसलं? सन्मानाच्या 'मानाने'ला असा आधार लागत नाही.

[दृश्य: मुंबई, भाऊचा धक्का. लाँच धक्क्याला लागते आहे. दोरखंड फेकला जातो.]

आता दुसरी बोट. हाताचं बोट नपुंसकलिंगी. पाण्यावरची बोट इंग्रजीतून आली आणि मराठीत आल्यावर गाडी, होडी यांच्या पंगतीला बसून स्त्रीलिंगी झाली. बोटात अंगठी, बोटीत माणसं. हे दोघे अनेकवचनातही भेटत नाहीत : बोटांची नखं, बोटींची वेळापत्रकं. नावेला जे साधलं नाही ते बोटीला साधलं, कारण ती 'बोटी' अशी ईकारान्त वाटेने गेली.

पण 'लागणे' हे क्रियापद आलं की ऐकणाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. 'बोट धक्क्याला लागली' म्हणजे पोहोचली. 'मला बोट लागली' म्हणजे पोटात ढवळलं, उलटी झाली, जशी घाटात गाडी लागते तशी. 'मला बोट लागलं' म्हणजे गर्दीत कुणाचं तरी बोट डोळ्यात गेलं. लिंगाने बोट की बोट ते कळलं. बोट धक्क्याला लागली की माणसाला, ते 'ला' कुणाला जोडलाय त्यावरून कळतं.

[दृश्य: कापडाचं जुनं दुकान. गादीवर उलगडलेलं लुगडं, लोखंडी गज.]

काही शब्दांना लिंगाचाही आधार नसतो. 'वार' घ्या. आठवड्याचा वार पुल्लिंगी, तलवारीचा वार पुल्लिंगी, कापड मोजायचा वार म्हणजे तीन फूट, तोही पुल्लिंगी. नऊवारी लुगड्यातला वार तो हाच. 'किती वार?' हे दोन शब्द या गादीवर ऐकले तर कापड. पोलीस पंचनाम्यात वाचले तर खून. वाक्यात दुसरी कुठलीही खूण नाही, ते बोललं कुठे गेलं एवढीच खूण. सुट्या ओळी भाषांतराला देणाऱ्यांनी हे दुकान एकदा बघून यावं. त्यात आम्हीही आलो.

[दृश्य: पुन्हा घाट. संध्याकाळ. पाणी वाढलेलं.]

लिंग असूनही दिसत नाही, अशी एक जागा राहिली. भविष्यकाळ. बुडाला, बुडाली, बुडालं. बुडतो, बुडते, बुडतं. एवढं सगळं सांगणारं क्रियापद भविष्यात गेलं की एकदम मुकं होतं. तो बुडेल, ती बुडेल, ते बुडेल. 'असं वागलास तर नाव बुडेल' असं बाप घरात म्हणाला तर अब्रू. नावाडी नदीच्या मध्यावर उड्या मारणाऱ्या पोराला हेच शब्द म्हणाला, तर पोराने गुपचूप खाली बसावं. 'नाव बुडणार' म्हणा, 'नाव बुडू नये' म्हणा, लिंग कुठेच उमटत नाही.

बोलणारी माणसं यातून आपली वाट काढतात. या काठावर बहुतेक जण आता 'होडी' म्हणतात. 'नाव' उरली ती जुन्या माणसांच्या तोंडी, आणि 'नावाडी' या शब्दात.

[दृश्य: आजोबा पायरीवर बसलेले. शेजारी नात, हातात मोबाईल.]

आम्ही सबटायटल दुरुस्त केलं आणि आजोबांना दाखवायला गेलो. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. आधी काय छापलं होतं ते नातीने त्यांना समजावून सांगितलं. ते हसले आणि आमच्याकडे बघून म्हणाले,

"म्हंजे आमची नाव बुडवलीसा की!"

'नाव बुडवलंसा' नाही. 'बुडवलीसा'.