बिल नाही, काटा बघून जीआरएन

मंडळी, बसा, चहा घेत घेत ऐका, फार वेळ घेणार नाही. उद्या सकाळी सहाच्या शिफ्टपासून आपण नव्या ईआरपीवर जातोय. ट्रेनिंग झालंय, ओपनिंग स्टॉक चढलाय, पार्टीचे बॅलन्स जुळलेत. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचंय, ती म्हणजे जीआरएन, आलेला माल मिळाल्याची आपली नोंद. अकाउंट्सचा माणूस स्टोअरच्या कामाबद्दल का बोलतोय असं वाटेल, पण उद्यापासून माझी वही तुमच्या हातात आहे, म्हणून बोलतोय.

आत्तापर्यंत काय व्हायचं? गाडी आली, माल उतरला, गेटच्या रजिस्टरला नोंद झाली, आणि जीआरएन बनायचं बिल वर अकाउंट्सला आल्यावर, कधी चार दिवसांनी, कधी शनिवारी सगळी एकदम. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालून गेलं कारण तिथे स्टॉक आणि खाती वेगवेगळी होती. नव्यात ती एकच आहेत. तुम्ही जीआरएन सेव्ह केलं की त्याच क्षणी स्टॉक वाढतो आणि समोर जीआर-आयआर नावाच्या खात्यात तेवढीच रक्कम जमा होते, म्हणजे माल आलाय, बिल यायचंय. बिल चढलं की ती रक्कम तिथून निघते आणि पार्टीच्या खात्यात जाते.

एक उदाहरण घेऊ. भोसरीच्या पार्टीला आपण राउंड बारची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर दिली, २,००० किलो, ७० रुपये दराने. गाडी तळेगाव चौकात दोन तास अडकली आणि संध्याकाळी आपल्या गेटला आली, ड्रायव्हर वैतागलेला, चलनावर २,००० लिहिलेलं, आपला काटा दाखवतोय १,९६०. आता इथे हात चुकतो. आपण म्हणतो जाऊ दे, चलनावर २,००० आहे ना, तेच टाका, नाहीतर अकाउंट्सवाले बिल अडवतील. प्लीज, हे करू नका. १,९६० टाका. मग १,४०,००० चं बिल आलं की सिस्टीम पीओ, जीआरएन आणि बिल तिन्ही समोरासमोर ठेवते, ४० किलोचा म्हणजे २,८०० रुपयांचा फरक दिसतो आणि पेमेंटला ब्लॉक लागतो. तो ब्लॉक लागायलाच हवा. मग माझी टीम पार्टीला फोन करेल, क्रेडिट नोट घेईल, विषय तिथेच संपेल. २,००० टाकलंत तर बिल गुपचूप पास होईल, आपण पूर्ण पैसे देऊ, आणि ते ४० किलो मार्चच्या स्टॉक-टेकिंगला शॉर्टेज म्हणून निघतील, तेव्हा कुठल्या पार्टीचे, कुठल्या गाडीचे, कोणालाच सांगता येणार नाही. आणि उत्तर मागितलं जाईल स्टोअरला, ज्यांची त्यात काही चूकच नव्हती.

दुसरं, उशीर. मी आधीच्या एका कंपनीत हे जवळून पाहिलंय, तिथे गो-लाइव्हनंतरही जीआरएन आठवड्यातून एकदाच व्हायचं. माल रॅकवर पडलेला, पण सिस्टीमला दिसत नव्हता, म्हणून एमआरपीने, म्हणजे कुठला माल किती लागेल ते काढणाऱ्या प्लॅनिंगने, तोच माल परत मागवायला सांगितला आणि पर्चेसने मागवलासुद्धा. तीन महिन्यांनी जीआर-आयआरमध्ये एवढ्या उघड्या ओळी साठल्या की आम्ही रात्री रात्री बसून जुनी चलनं शोधत होतो.

शिवाय तारखेला कायद्याचं वजन आहे. मायक्रो आणि स्मॉल सप्लायरचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, आणि ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, आमच्या टेबलावर बिल आल्यापासून नाही. मुदत चुकली तर त्या खर्चाची इन्कम टॅक्समधली वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत लांबते. जीआरएनची तारीखच चुकीची असेल तर मी मोजू कुठून? मागची तारीख टाकू म्हणाल, तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद बंद न करता ठेवणं सक्तीचं आहे, कोणी काय कधी बदललं ते सगळं ऑडिटरला दिसतं.

गेटवरच्या काकांनी मला परवा विचारलं, की साहेब रजिस्टर चालू ठेवू ना? गाडी नंबर, आत-बाहेरची वेळ यासाठी नक्की ठेवा. पण मालाची क्वांटिटी सिस्टीममध्येच टाका, नाहीतर दोन आकडे होतील आणि लोक सोयीचा आकडा खरा मानतील.

आज रात्री दहापर्यंत उतरलेला माल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यानंतरची प्रत्येक गाडी नव्यात, एकही गाडी दोन्हीकडे नको. पीओ दिसत नसेल किंवा पीओ किलोमध्ये आणि माल नगात आला असेल, तर अंदाजाने काही टाकू नका, गाडी बाजूला लावा आणि फोन करा, पर्चेसचा एक माणूस पहिले दोन आठवडे रात्रपाळीलाही आहे. मी रोज संध्याकाळी पाचला जीआर-आयआरची यादी काढून स्टोअरमध्ये येणार आहे, दोन दिवसांपेक्षा जुनी ओळ दिसली की आपण तिथेच चलन हातात घेऊन बघू.