लहान पेशी, कमी हिमोग्लोबिन

(पडद्यावर: लॅबचा रिपोर्ट. हिमोग्लोबिनच्या आकड्याभोवती पेनाने केलेला गोल.)

चौतीस वर्षांच्या एका बाईंचा हा सीबीसी. हिमोग्लोबिन ९.४. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. रक्त कमी आहे, एवढं इथे कळलं. ते का कमी आहे, याचा माग खालच्या ओळींत लागतो, आणि त्या ओळींवरून नजर सहसा घसरून जाते.

(कॅमेरा सावकाश खालच्या ओळीवर.)

एमसीव्ही ७०. तांबड्या पेशीचा हा सरासरी आकार, एरवी साधारण ८० ते १०० असतो. म्हणजे या बाईंच्या पेशी लहान आहेत. पेशी अस्थिमज्जेत तयार होते तेव्हा तिच्यात हिमोग्लोबिन भरलं जातं. ते पुरेसं तयार झालं नाही, की पेशी खुरटी राहते. आपल्याकडे याची नेहमीची कारणं दोन: शरीरात लोह संपत आलेलं असतं, किंवा हिमोग्लोबिनमधली ग्लोबिन साखळी बनवणाऱ्या जनुकातच जन्मापासून दोष असतो. या दुसऱ्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात.

लोहाची कमतरता कितीतरी जास्त आढळते. म्हणून अनेकदा पुढचं काहीच न बघता गोळ्या सुरू होतात. पण त्याच रिपोर्टवरचे आणखी दोन आकडे बघायला मिनिटही लागत नाही.

(दोन रिपोर्ट शेजारी शेजारी.)

बाईंच्या तांबड्या पेशींची संख्या ४१ लाख, रिपोर्टवर ४.१. आरडीडब्ल्यू १८, म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, काही बऱ्या, काही फारच लहान. लोह हळूहळू आटत गेलं की असंच होतं. आधीच्या पेशी धड असतात, नंतरच्या खुरट्या.

शेजारचा रिपोर्ट सव्वीस वर्षांच्या तरुणाचा. हिमोग्लोबिन ११.६, एमसीव्ही ६२. पेशी बाईंच्या पेशींहून लहान, तरी रक्त त्यांच्याहून बरं. कारण पेशींची संख्या ५९ लाख आहे. आरडीडब्ल्यू १४.८, जवळजवळ नेहमीसारखा. पेशी लहान, पण भरपूर आणि बऱ्याचशा एकाच मापाच्या, असं चित्र दिसलं की थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यायलाच हवी.

एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागायचं. बाईंचं उत्तर १७, तरुणाचं साडेदहा. १३ च्या वर लोहाची कमतरता, खाली थॅलेसेमिया मायनर. याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात. हा फक्त इशारा आहे, निदान नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, आणि जुनाट आजारातही पेशी लहान होतात.

म्हणून गोळी सुरू करण्याआधी शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासावं. बाईंचं ६ आलं, म्हणजे लोहाचा साठा संपलेला. फेरिटिन कमी असेल तर निदान पक्कं. ते नॉर्मल असेल तर मात्र लगेच निर्धास्त होऊ नये, कारण ताप, सूज किंवा संसर्ग असताना ते वर जातं.

(पडद्यावर: दवाखान्यात डॉक्टर बाईंशी बोलताहेत.)

आता खरा प्रश्न: लोह गेलं कुठे? बाईंची पाळी आठ-आठ दिवस चालते, गाठी पडतात. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, डॉक्टरांनी विचारलं म्हणून कळलं. पण हाच रिपोर्ट साठीच्या पुरुषाचा किंवा पाळी गेलेल्या बाईचा असता, तर आधी पोटातून, आतड्यातून रक्त जातंय का ते शोधावं लागलं असतं. मूळव्याध असेल, अल्सर असेल, कधी आतड्याचा कर्करोगही. अशा माणसाला नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं, कारण आकडा सुधारतो आणि आजार आत वाढत राहतो.

गोळ्या लागू पडल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी चढतं. चहा गोळीपासून लांब ठेवावा, तो लोह शोषू देत नाही. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतात. आकडा हललाच नाही, तर गोळ्या नीट घेतल्या जात नाहीत, रक्त अजून जातंय, लोह शोषलं जात नाही, किंवा निदान चुकलंय.

त्या तरुणाचं फेरिटिन पुरेसं आहे. त्याला लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नाही. त्याला हवी एचपीएलसी, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिनचे कोणते प्रकार किती आहेत ते मोजणारी तपासणी. त्यात हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांहून जास्त निघालं, की बीटा थॅलेसेमिया मायनर. लोह कमी असताना हा आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून तेव्हा आधी लोह भरून मग पुन्हा तपासतात.

त्याला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही. पण त्याची होणारी बायकोही मायनर असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशा मुलाला बहुधा आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत मायनरचं प्रमाण जास्त आहे, पण ते तेवढ्यांपुरतंच नाही. म्हणून तिची एचपीएलसी लग्नाआधी करावी. ते राहून गेलं असेल, तर गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत.