बँक गॅरंटीचा खर्च महिन्यांत मोजा

नमस्कार श्रोतेहो. बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं काढली. तिथे टेंडर भरणारे छोटे कंत्राटदार रोज यायचे आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "साहेब, गॅरंटी किती टक्क्यांची लागेल?" गॅरंटी म्हणजे कंत्राटदार चुकला तर ठरलेली रक्कम भरण्याची बँकेची लेखी हमी. ती किती महिन्यांची लागेल, असं क्वचितच कुणी विचारायचं. खरा खर्च मात्र त्या महिन्यांत असतो, म्हणून आज बोलणार आहे ते त्यांच्याबद्दलच.

एक उदाहरण धरू. सांगोल्याकडचे एक कंत्राटदार आहेत, त्यांना आपण अण्णा म्हणू. केंद्र सरकारच्या एका खात्याच्या वसाहतीत क्वार्टरांची दुरुस्ती आणि कंपाउंडची भिंत, असं 80 लाखांचं काम निघालंय. टेंडरसोबत 2 टक्के ईएमडी, म्हणजे 1 लाख 60 हजारांची बयाणा रक्कम भरायची आहे. अण्णा म्हणाले, "माझी उद्यम नोंदणी आहे, मला ईएमडी माफ." त्यांना टेंडरची कलमं पुन्हा वाचायला लावली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ती माफी साधारणपणे माल आणि सेवांच्या खरेदीत असते, बांधकामाच्या कंत्राटात ती गृहीत धरता येत नाही. निव्वळ या गैरसमजापायी पाकीट बाद झालेले लोक मी पाहिलेत.

तर ईएमडीसाठी बँक गॅरंटी काढायची ठरली. टेंडर 10 जूनला उघडणार, बोली 90 दिवस वैध ठेवायची, म्हणजे 8 सप्टेंबरपर्यंत. गॅरंटी त्याच्याही पुढे 45 दिवस चालू हवी, म्हणजे 23 ऑक्टोबरपर्यंत. हे दिवस टेंडर उघडल्यापासून मोजायचे. बँकेने गॅरंटी कोणत्या तारखेला दिली, याचा इथे संबंध नाही. अण्णांनी 23 ऑक्टोबरची गॅरंटी काढून घेतली आणि निश्चिंत झाले. मग शुद्धिपत्रक आलं : टेंडर आता 24 जूनला उघडेल. सगळे खूश, दोन आठवडे जास्त मिळाले! पण त्यामुळे गॅरंटीची गरज 6 नोव्हेंबरपर्यंत गेली आणि अण्णांच्या हातातला कागद 14 दिवसांनी तोकडा पडला. तांत्रिक छाननीत बाद व्हायला एवढं कारण पुरतं, दर कितीही चांगला असो. त्यामुळे शुद्धिपत्रक आलं की आधी गॅरंटीची तारीख बघायची आणि त्याच दिवशी बँकेकडे मुदतवाढीचा अर्ज द्यायचा.

आता धरून चालू की काम अण्णांना मिळालं. ईएमडीची गॅरंटी परत येईल आणि तिच्या जागी कामाच्या पूर्ततेची गॅरंटी द्यावी लागेल. या टेंडरात ती 5 टक्के आहे, म्हणजे 4 लाखांची. ती द्यायला बँक मार्जिन मागते. अण्णांचं घर बँकेकडे तारण आहे आणि गॅरंटीची मर्यादा मंजूर आहे, म्हणून त्यांना 25 टक्के मार्जिन, म्हणजे 1 लाखाची मुदतठेव. ठेव त्यांच्याच नावावर राहते, व्याजही त्यांचंच, फक्त तिच्यावर बँकेचा लीन, म्हणजे हक्क, चढतो आणि ती मोडता येत नाही. ज्याची अशी मर्यादा नाही, त्याला बँक बहुधा 100 टक्के मार्जिन सांगते.

अशा माणसाला मी नेहमी एक सांगत असे. पूर्ण 4 लाख अडकवणारच असाल, तर टेंडरची कलमं उघडून बघा. केंद्र सरकारच्या खरेदी नियमांत बँक गॅरंटीबरोबर मुदतठेवीची पावतीही चालते. पावती थेट खात्याच्या नावे गहाण ठेवलीत, तर बँकेचं कमिशन वाचतं. आमच्या शाखेला हा सल्ला फारसा आवडत नसे, ती गोष्ट वेगळी.

आता मुदतीकडे येऊ. अण्णांनी मनाशी हिशोब केला होता : काम 9 महिन्यांचं, कमिशन वर्षाला 2 टक्के, म्हणजे तिमाहीला 2,000 रुपये. तीन तिमाह्यांचे 6,000. एवढेच त्यांनी दरात धरले होते.

पण काम संपलं की दोषदायित्वाचा काळ सुरू होतो. गळती झाली, प्लास्टर सुटलं, तर कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचं. इथे तो 12 महिन्यांचा आहे. त्यानंतर आणखी 60 दिवस गॅरंटी चालू हवी. झाले 23 महिने. यावर बँक दाव्याची मुदत म्हणून, म्हणजे गॅरंटी संपल्यावरही खात्याला दावा करता यावा म्हणून, 12 महिने जोडते. याचं कारण कायद्यात आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 28 मध्ये जानेवारी 2013 पासून लागू झालेली दुरुस्ती सांगते की ठरावीक काळानंतर हक्क संपेल अशी अट बँकेला गॅरंटीत घालायची असेल, तर तो काळ किमान एक वर्षाचा हवा. नाहीतर मुदतीच्या कायद्याने दिलेल्या काळात कधीही दावा होण्याची टांगती तलवार बँकेच्या डोक्यावर राहते, आणि सरकारच्या बाबतीत तो काळ 30 वर्षांचा आहे. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे एक वर्ष कोर्टात जाण्याबद्दलचं आहे, बँकेकडे मागणी करण्याची मुदतही वर्षाचीच हवी असं कायदा म्हणत नाही. तरी कित्येक बँका वर्ष धरतात आणि त्याचं कमिशनही लावतात. म्हणून अर्ज देतानाच विचारायचं : दाव्याच्या काळाचं कमिशन घेणार का, आणि खात्याला कमी काळ चालत असेल तर तुम्हाला चालेल का?

अण्णांच्या बँकेने ते पूर्ण लावलं. 23 आणि 12 मिळून 35 महिने, म्हणजे धरायच्या 12 तिमाह्या. कमिशन 24,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 4,320. एकूण 28,320 रुपये, आणि तेही आगाऊ. कुठे 6,000 आणि कुठे हे! शिवाय 1 लाखाची ठेव जवळपास तीन वर्षं अडकली.

पुढे पावसामुळे काम 4 महिने लांबलं. खात्याने कामाला मुदतवाढ दिली, पण कामाची मुदत वाढली म्हणून गॅरंटीची आपोआप वाढत नाही. संपायच्या आधी वाढवली नाही, तर खातं बँकेला सरळ पत्र पाठवतं : मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या. गॅरंटी विनाशर्त असते, त्यामुळे चूक कुणाची यात बँक शिरत नाही. ती 4 लाख भरते, ठेवीतले 1 लाख वळते करून घेते आणि उरलेले 3 लाख अण्णांच्या नावावर कर्ज म्हणून, व्याजासकट, उभे राहतात. अण्णांनी महिनाभर आधी वाढ घेतली म्हणून ही वेळ आली नाही. ठेवीची तारीखही त्यांनी सोबतच पुढे नेली, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही.

दोषदायित्वाचा काळ संपला तेव्हा अण्णा ठेव सोडवायला बँकेत आले. आम्ही त्यांना परत पाठवलं. मूळ गॅरंटी आणि खात्याचं 'आता आमचा दावा नाही' असं पत्र, दोन्ही हवं होतं. नाहीतर दाव्याची मुदत संपेपर्यंत थांबायचं. खात्यातले साहेब बदलून गेले होते आणि गॅरंटीचा लखोटा रोखपालाच्या कपाटात पडून होता. तीन फेऱ्यांनंतर पत्र मिळालं. त्याच दुपारी लीन उठला आणि न वापरलेल्या तिमाह्यांचं काही कमिशनही अण्णांच्या खात्यात परत जमा झालं.